आजचा एक की उद्याचे दोन

लगेच मिळणारा लहान लाभ बाजूला ठेवून उशिरा मिळणाऱ्या मोठ्या लाभासाठी थांबणे, याला मानसशास्त्रात तृप्ती लांबणीवर टाकणे म्हणतात. याच्या जोडीची दुसरी संकल्पना विलंब-वटावाची आहे. मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायला नेली की पेढीवाला वटाव कापून उरलेली रक्कम हातावर ठेवतो. माणसाचे मनही उशिरा मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर असाच वटाव कापते. वर्षाने मिळणारे हजार रुपये आज कुणाला नऊशेच्या मोलाचे वाटतात, तर कुणाला पाचशेच्या. जो जास्त वटाव कापतो तो आजचे थोडे उचलतो आणि जो कमी कापतो तो उद्याच्या जास्तीसाठी थांबतो.

या दोघांविषयी लोकांचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. थांबणारा संयमी आणि दूरदर्शी. लगेच उचलणारा उतावळा, पुढचे न बघणारा. सबुरीचे फळ गोड, असे लहानपणापासून कानावर पडते. पण हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हेही तितक्याच जुन्या अनुभवाने सांगितलेले असते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत. कोणता कुठे लागू पडतो, हे गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या अभ्यासांनी बरेच स्पष्ट केले आहे. वटाव किती कापायचा हे केवळ स्वभावावर ठरत नाही. दिलेला शब्द पाळला जाण्याची शक्यता किती आणि तोवर थांबायला खर्च किती पडतो, या दोन गोष्टींचा त्यात फार मोठा वाटा असतो.

अर्थशास्त्रात या वटावाचे सुटसुटीत गणित पॉल सॅम्युएलसन यांनी 1937 साली मांडले. त्यात वटावाचा दर कायम असतो. प्रत्येक महिन्याला, समजा, शेकडा दोन याप्रमाणे किंमत घटत जाते. पहिला महिना असो की पन्नासावा, दर तोच. या हिशेबाचा एक मोठा गुण आहे. आज घेतलेला निर्णय उद्याही तसाच राहतो. तीस दिवसांनी पाचशे घ्यावेत की चाळीस दिवसांनी आठशे, याचे उत्तर ज्याने ‘आठशे’ असे दिले, तो तिसावा दिवस उजाडल्यावरही आठशेसाठीच थांबेल, कारण दोन्हींमधले अंतर दहा दिवसांचेच आहे.

प्रत्यक्षात माणसे असा हिशेब करत नाहीत. रिचर्ड थेलर यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारले होते की, आज मिळणारे 15 डॉलर पुढे ढकलायचे झाले तर किती रक्कम मिळायला हवी. मधल्या उत्तरांनुसार महिन्याभरासाठी 20, वर्षासाठी 50 आणि दहा वर्षांसाठी 100 डॉलर हवे होते. पहिल्या महिन्यासाठी लोक एकतृतीयांश वाढ मागत होते. दहा वर्षांच्या मागणीचा दर काढला, तर तो वर्षाला चक्रवाढीने जेमतेम 21 टक्के पडतो. म्हणजे वटाव सुरुवातीला अतिशय तीव्र असतो आणि मुदत वाढेल तसा त्याचा दर मंदावत जातो.

या आकाराला साजेसे सूत्र जेम्स मेझर यांनी 1987 साली कबुतरांवरच्या प्रयोगांतून दिले. रकमेला ‘एक अधिक विलंब गुणिले वटावाचा अंक’ याने भागायचे, की त्या रकमेची आजची किंमत मिळते. एखाद्याचा हा अंक दिवसाला 0.1 आहे असे धरू. त्याच्यापुढे आजचे पाचशे आणि दहा दिवसांनंतरचे आठशे ठेवले, तर आठशेला दोनने भागून चारशे उरतात. तो पाचशे उचलतो. हीच निवड तीस दिवस पुढे सरकवली, तर पाचशेला चारने भागून 125 आणि आठशेला पाचने भागून 160 येतात. आता तो थांबायला तयार होतो. रकमा त्याच, अंतर तेच, तरी कौल उलटतो. पुढच्या महिन्यापासून बचत करीन असे मनापासून ठरवणारा माणूस पुढचा महिना उजाडताच पैसे का खर्चतो, याचे स्पष्टीकरण या उलटण्यात आहे. संयमाच्या अपयशाची चर्चा बहुतेक वेळा इथेच थांबते आणि वक्र वटाव म्हणजे मनाचा दोष, असा निष्कर्ष निघतो. तो किती टिकतो हे तपासण्यासाठी या क्षेत्रातल्या सर्वात प्रसिद्ध प्रयोगाकडे वळावे लागते.

वॉल्टर मिशेल यांचा जन्म 1930 साली व्हिएन्नात झाला. नाझींच्या आक्रमणानंतर त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग बालवाडीत त्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रयोग केले. मुलाला एका खोलीत बसवायचे, समोर मार्शमॅलो, बिस्किट किंवा प्रेट्झेल यांपैकी त्याच्या आवडीचा खाऊ ठेवायचा आणि सांगायचे की प्रयोग करणारी व्यक्ती बाहेर जाऊन परत येईपर्यंत थांबलास तर जास्तीचा किंवा जास्त आवडता खाऊ मिळेल. थांबवले नाही तर घंटी वाजव, ती लगेच परत येईल, पण मग थोडाच खाऊ मिळेल. प्रतीक्षा साधारणपणे जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची असे. मुलाला हा अवधी सांगितलेला नसे.

मिशेल यांना सर्वाधिक रस होता तो मुले थांबतात कशी, यात. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही पदार्थ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली आणि दोन्ही नजरेआड असताना अकरा मिनिटांहून अधिक. मुले त्याच बालवाडीतली, वय तेच. फक्त खाऊ दिसतो की नाही यावर धीराचा एवढा फरक पडत होता. प्रयोगापूर्वीची एक तयारी मात्र नंतरच्या वर्णनांतून बहुधा गळून गेली. प्रत्यक्ष चाचणीआधी मुलाकडून घंटीचा सराव करून घेतला जाई. बाहेर गेलेली व्यक्ती घंटी वाजताच खरोखर परत येते, याची खात्री त्याला पटवली जाई. म्हणजे विश्वासाचा प्रश्न प्रयोगाने आधीच मिटवून ठेवला होता.

तो प्रश्न मिशेल यांना आधीपासून माहीत होता. त्याच्याही पूर्वी, 1950 च्या दशकात, त्यांनी त्रिनिदादमध्ये आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या मुलांना लगेच मिळणारी लहान मिठाई आणि आठवड्याने मिळणारी मोठी मिठाई यांतून निवड करायला लावली होती. त्यांचे निष्कर्ष 1958 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरात वडील नव्हते, ती मुले लहान मिठाई लगेच घेण्याकडे जास्त झुकली. मिशेल यांनी याचा संबंध भरवशाशी जोडला. अनोळखी पुरुष आठवड्याने येऊन शब्द पाळेल, असे मानायला या मुलांच्या अनुभवात आधार कमी होता. हा धागा पुढे बराच काळ मागे पडला, कारण बिंगमधल्या मुलांचा मोठेपणी पाठपुरावा झाला आणि त्या निकालांनी सगळ्यांचे लक्ष वेधून घेतले. चार वर्षांचे असताना जास्त वेळ थांबलेल्यांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशाच्या चाचणीत जास्त गुण मिळाले, असे 1990 च्या अहवालात आले. तेव्हापासून मार्शमॅलो ही संयमाची मोजपट्टी ठरली.

सुटलेला धागा सेलेस्ट किड यांनी उचलला. विद्यार्थिदशेत त्यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम केले होते. तिथल्या मुलाला खाऊ किंवा खेळणे मिळाले, तर ते दुसरे कोणीही कधीही हिसकावून घेऊ शकत असे. अशा ठिकाणी वाढणारे मूल मार्शमॅलो पुढे आल्याबरोबर खाऊन टाकेल, असे त्यांना वाटले. आणि त्यात चूक काय, हाही प्रश्न पडला. मग रोचेस्टर विद्यापीठात होली पाल्मेरी आणि रिचर्ड आस्लिन यांच्यासह त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांवर एक प्रयोग केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगात मार्शमॅलो शेवटी येतो. आधी मुलाला एक कागद रंगवायला देतात. तो नंतर एका कपात बसवायचा असतो. टेबलावर वापरून झिजलेल्या खडूंची एक बरणी असते आणि तिचे झाकण मुद्दाम घट्ट लावलेले असते. संशोधक म्हणते, हे खडू आत्ता वापरलेस तरी चालेल, पण थोडा थांबलास तर मी नवे, छान साहित्य घेऊन येते. ती अडीच मिनिटांसाठी बाहेर जाते. निम्म्या मुलांकडे ती खरोखर भरगच्च साहित्य घेऊन परतते. उरलेल्या निम्म्यांकडे मोकळ्या हातांनी येते आणि सांगते की, माफ कर, माझी चूक झाली, दुसरे साहित्य नाहीच. तू हेच खडू वापर. बरणीचे झाकणही तीच उघडून देते. मग स्टिकरचे तसेच होते. समोर एक इवलासा स्टिकर आणि थांबल्यास मोठे, सुंदर स्टिकर देण्याचा शब्द. पहिल्या गटाला ते मिळतात. दुसऱ्या गटाला पुन्हा तीच माफी ऐकायला मिळते. कोणी ओरडत नाही, कोणी काही हिसकावून घेत नाही. दोनदा दिलेला शब्द दोनदा पाळला जात नाही, एवढेच घडते.

यानंतर मार्शमॅलो येतो. एक आत्ता खा, नाहीतर मी परत येईपर्यंत थांब म्हणजे दोन मिळतील. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. 14 पैकी 9 मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटे काढली. ज्यांच्याशी पाळला गेला नव्हता, ती सरासरी तीन मिनिटांत खाऊन मोकळी झाली. त्यांच्यातले फक्त एक मूल शेवटपर्यंत थांबले. मुलांची दोन गटांत विभागणी स्वभाव बघून केलेली नव्हती. दोन फसलेले शब्द एवढाच फरक होता आणि तेवढ्याने धीर चौपटीने घटला. प्रयोग लहान आहे, मुले अवघी 28 आहेत आणि त्यावरून जन्मजात फरक नसतातच असे म्हणता येणार नाही. पण ज्याला आत्मसंयमाचे माप समजले जात होते, त्यात मुलाचा समोरच्या माणसाविषयीचा अंदाजही मोजला जातो, एवढे त्यातून नक्की दिसते. दुसऱ्या गटातल्या मुलांचा अंदाज बरोबरच होता. तोवरच्या अनुभवावरून त्या संशोधकाचा शब्द भरवशाचा नव्हता. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना जादा मार्शमॅलो देण्यात आले, हे मात्र त्यांना आधी कळण्याचा काही मार्ग नव्हता.

याच अंदाजातून वटावाच्या त्या वक्र आकाराचेही स्पष्टीकरण मिळते. पीटर सोझू यांनी 1998 साली ते गणिताने दाखवले आणि साध्या आकड्यांतही ते समजते. एका अनोळखी माणसाने पैसे देण्याचा वायदा केला आहे. तो एकतर पूर्ण प्रामाणिक आहे, किंवा असा आहे की दर महिन्याला त्याचा वायदा मोडण्याची शक्यता निम्मी आहे. आणि यांतला तो कोणता, हे अजिबात सांगता येत नाही. महिन्याने पैसे मिळण्याची शक्यता 75 टक्के, दोन महिन्यांनी साडेबासष्ट टक्के, तीन महिन्यांनी सव्वाछप्पन्न टक्के भरते. पहिल्या महिन्यात शक्यता चौथ्या हिश्शाने घटली, दुसऱ्यात आधीच्या सहाव्या हिश्शाने, तिसऱ्यात दहाव्या हिश्शाने. घट मंदावत जाते, कारण वायदा जितका जास्त काळ टिकलेला असेल तितका तो माणूस प्रामाणिक असण्याचा संभव वाढतो. हे ध्यानात घेऊन वटाव कापणाऱ्याचा हिशेब सुरुवातीला तीव्र आणि पुढे सौम्यच येणार. त्याच्या मनात दोष असण्याची गरज नाही. धोका नेमका किती, हे माहीत नसणे पुरेसे आहे.

काही वेळ थांबून मग मध्येच सोडून देणे हे त्याहून विचित्र वाटते. थांबायचेच नव्हते तर आधीच खायचे. दहा मिनिटे थांबून अकराव्याला हात घातला, म्हणजे दहा मिनिटे वाया गेली. जोसेफ केबल आणि जोसेफ मॅक्ग्वायर यांनी 2013 साली दाखवले की हेही शहाणपणाचे असू शकते. वेळापत्रकाने धावणाऱ्या गाडीची वाट बघताना गेलेले प्रत्येक मिनिट गाडी जवळ आणते, म्हणून थांबत राहणे योग्य. जिथे प्रतीक्षेचा अवधीच माहीत नसतो, तिथे उलट होऊ शकते. ‘संध्याकाळी फोन करतो’ म्हणणाऱ्याचा फोन आठ वाजेपर्यंत आला नाही, तर तो नऊला येण्याची शक्यता घटते आणि उद्या येण्याची किंवा मुळीच न येण्याची वाढते. इथे थांबलेला वेळ जितका जास्त, तितकी उरलेली प्रतीक्षा लांब वाटू लागते आणि ती तशी असतेही. त्याआधीच्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना संगणकावर दोन प्रकारच्या प्रतीक्षा अनुभवायला दिल्या होत्या. जिथे अवधीला ठरावीक मर्यादा होती तिथे लोक टिकून राहायला शिकले, आणि जिथे प्रतीक्षा एकतर झटपट संपे किंवा फारच लांबे, तिथे ते थोड्या वेळाने सोडून द्यायला शिकले. बिंगमधल्या मुलाला किती वेळ लागणार हे सांगितलेले नव्हते. चार वर्षांच्या मुलाला रिकाम्या खोलीत दहा मिनिटांनंतर ‘बहुतेक बराच वेळ लागणार’ असे वाटले, तर ते अवास्तव नाही.

आतापर्यंत शब्द पाळला जाण्याचा विचार झाला. दुसरा मुद्दा थांबण्याच्या खर्चाचा. तो महाराष्ट्रात दरवर्षी ज्या निर्णयात दिसतो, तो उन्हाळ कांद्याचा आहे. रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात काढला जातो. त्या वेळी आवक जास्त आणि भाव कमी असतो. खरिपाचा नवा कांदा येण्याआधी, ऑक्टोबरच्या सुमाराला, भाव चढण्याची आशा असते. तोवर माल कांदाचाळीत ठेवता येतो. म्हणजे आज थोडे घ्यायचे की पाच महिन्यांनी जास्त, हीच निवड शेतकऱ्यापुढे उभी असते.

हिशेबासाठी 100 क्विंटल कांदा घेऊ. मे महिन्यात भाव क्विंटलला 1,200 रुपये आणि ऑक्टोबरात 2,000 मिळेल अशी अपेक्षा, असे समजू. वरवर पाहता थांबल्यास क्विंटलमागे आठशे रुपये जास्त मिळतात आणि लगेच विकणारा घायकुता ठरतो. पण चाळीतला कांदा आहे तसा राहत नाही. त्याचे वजन घटते, काहीला मोड येतात, पावसाळी दमट हवेत काही सडतो. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत 30 ते 40 टक्क्यांपर्यंत घट होते. 35 टक्के धरली तर 65 क्विंटल उरतो आणि त्याचे ऑक्टोबरात 1,30,000 रुपये होतात. मे महिन्यातले 1,20,000 समोर ठेवले तर पाच महिन्यांच्या जोखमीचा मोबदला दहा हजार, आणि त्यातून निवडाईची मजुरी वजा व्हायची आहे. आता त्याच शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचे शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाचे कर्ज आहे आणि कांदा विकून ते फेडता येणार आहे, असे धरू. 1,20,000 रुपयांवर पाच महिन्यांचे व्याज 12,000 होते. दहा हजार मिळवण्यासाठी बारा हजार भरायचे. ऑक्टोबरात भाव 2,030 रुपयांच्या वर गेला तरच तो मे महिन्यातल्या बरोबरीला येतो. कर्ज नसलेल्या शेजाऱ्याला मात्र 1,850 रुपये भावही पुरतो. दोघांचा धीर सारखाच आहे. फक्त एकाला पैसे पाच महिने अडकवायला व्याज पडते.

यात अजून शब्द मोडण्याचा धोका धरलेला नाही आणि कांद्यात तो खरा आहे. 14 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. 19 ऑगस्ट 2023 रोजी निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. दोन्ही निर्णय ऐन त्या महिन्यांतले, जेव्हा उन्हाळ कांदा चाळीत असतो आणि थांबलेल्याला त्याचे फळ मिळायचे असते. ग्राहकाला भाव परवडावा हा या निर्णयांमागचा हेतू असला, तरी थांबलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने बघितले तर वाटेतच नियम बदलला. चारात एकदा असे होऊन भाव 1,200 वरच राहील असे धरले, तर अपेक्षित भाव 1,800 होतो आणि 65 क्विंटलचे 1,17,000 येतात. कर्ज नसलेल्यालाही आता मे महिन्यात विकणे तीन हजारांनी फायद्याचे ठरते. ज्याला दोनदा रिकाम्या हातांचा अनुभव आला, तो तिसऱ्या वर्षी शेतातून थेट बाजार समिती गाठतो. रोचेस्टरच्या मुलांनी केले तेच तो करतो आणि त्याच कारणाने.

गरज हीसुद्धा थांबण्याच्या खर्चातलीच बाब आहे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर कमी उत्पन्नाच्या लोकांच्या निवडी तपासणारा एक अभ्यास लिआंद्रो कार्व्हालो आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केला. पगाराच्या तोंडावर लोक आजच्या पैशाकडे जास्त झुकले. निवड पैशाऐवजी श्रमाची होती, म्हणजे आज थोडे काम की नंतर जास्त, तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही. स्वभावच घाईचा झाला असता, तर तो दोन्हीकडे दिसला असता. खिशात पैसे नव्हते म्हणून आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून खरोखरच मोलाचा झाला होता. औषध आज आणायचे असेल, तर पुढच्या आठवड्यातली दुप्पट रक्कम कामाची नाही.

यावरून लगेच उचलणे नेहमीच योग्य, असे ठरत नाही. उतावळेपणा असतो आणि तो महागही पडतो. तो ओळखण्याची एक बऱ्यापैकी विश्वासार्ह कसोटी वरच्या पाचशे-आठशेच्या उदाहरणात आहे. निवडीतले दोन्ही पर्याय सारख्याच अंतराने पुढे ढकलून बघावेत. दूरवरून बघताना माणूस थांबायचे ठरवतो आणि क्षण जवळ आला की मोडतो, दरम्यान धोका, व्याज, गरज यांपैकी काहीच बदललेले नसते, आणि नंतर त्याला स्वतःलाच चुटपुट लागते, तर तिथे मोह जिंकला. सिगारेट सोडणाऱ्याचे असे होते. तिथे मिशेल यांचा उपाय उपयोगी आहे: मोहाची वस्तू नजरेआड करावी, किंवा क्षण येण्याआधीच स्वतःला बांधून घ्यावे, जसे पगार खात्यात आल्या दिवशीच आवर्ती ठेवीचा हप्ता वळता होतो. पण दूरवरून बघतानाही तीच निवड कायम राहिली आणि विचारल्यावर माणूस कारण सांगू शकला की माल घटतो, व्याज चढते, देणारा शब्द पाळत नाही, तर तो हिशेब आहे. अशा माणसाला संयमाचे धडे देऊन काही साधत नाही, कारण त्याची अडचण संयमाची नाहीच.

मार्शमॅलोची मोजपट्टीही या प्रकाशात पुन्हा तपासली गेली. टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी 2018 साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन तोच पाठपुरावा केला. बिंगमधली मुले मुख्यतः विद्यापीठाच्या परिसरातल्या सुशिक्षित घरांतली होती आणि गुणांचा तो गाजलेला संबंध काही डझन मुलांवरच आधारलेला होता. वॉट्स यांनी ज्यांच्या आईने महाविद्यालयीन पदवी घेतलेली नव्हती, अशा मुलांवर भर दिला. चार-साडेचार वर्षांच्या वयातले थांबणे आणि पंधराव्या वर्षीचे शैक्षणिक यश यांतला संबंध आधीच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोनतृतीयांश गेला. म्हणजे त्या प्रतीक्षेत मुलाच्या स्वभावाबरोबर त्याचे घरही मोजले जात होते: तिथे उद्या खाऊ असेल की नाही आणि मोठी माणसे बोलल्याप्रमाणे वागतात की नाही.

म्हणून एखाद्याने आजचा एक उचलला, की त्याच्यावर उतावळेपणाचा शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. त्याला आजवर दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले गेले? आणि उद्याच्या दोनांपर्यंत पोचायला त्याला किती खर्च येतो? ज्यांना इतरांनी थांबावे असे वाटते, त्यांच्या हातात यांतल्या बऱ्याच गोष्टी असतात. पालकाने मुलाला सांगितलेला रविवार खरोखर रविवारीच यावा. मालकाने कबूल केलेला बोनस ठरल्या तारखेला द्यावा. सरकारने पीक चाळीत असताना नियम बदलू नयेत आणि स्वस्त कर्ज व चांगली साठवण गावापर्यंत पोचवावी. धीर धरा असे सांगण्याचा अधिकार आधी शब्द पाळून मिळवावा लागतो.